कार्यशाळेनंतर कामावरचं वागणं बदललं का, हे कसं मोजायचं: अभिप्राय फॉर्मच्या पुढचे टप्पे

कार्यशाळा संपते, चहा येतो, फॉर्म वाटले जातात. पाचपैकी सरासरी 4.6 येते आणि अहवालात ‘प्रशिक्षण यशस्वी’ असं लिहून फाइल बंद होते. तीन महिन्यांनी विभागप्रमुख विचारतात, “पण फरक काय पडला?” तेव्हा घाईघाईने आणखी एक फॉर्म पाठवला जातो: ‘शिकलेलं तुम्ही कामात वापरता का?’ जवळपास सगळे ‘हो’ लिहितात. माझ्याकडे मदतीसाठी येणारी बहुतेक प्रकरणं याच ठिकाणी अडकलेली असतात, आणि तोपर्यंत मोजण्याची अर्धी संधी हातची गेलेली असते.

प्रशिक्षण आवडलं की नाही, एवढंच फॉर्म सांगतो. अ‍ॅलिगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1997 मध्ये अशा अनेक अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र करून तपासले. प्रशिक्षण आवडणं आणि ते पुढे कामात उतरणं यांत त्यांना जवळजवळ संबंध दिसला नाही. ‘हे मला उपयोगी पडेल’ या उत्तराचा संबंध थोडा जास्त होता, पण तोही फार नाही. म्हणून फॉर्मवरचे प्रश्न कितीही सुधारले, तरी आपल्या प्रश्नाचं उत्तर तिथे मिळणार नाही. ते कामाच्या जागी जाऊनच शोधावं लागतं.

पूर्ण लेखात एकच उदाहरण घेतो. एका कारखान्यात तीन पाळ्या चालतात आणि पाळी बदलताना जाणारा सुपरवायझर येणाऱ्याला चार्ज देतो. या हँडओव्हरमध्ये गोष्टी सुटतात म्हणून सुपरवायझरांसाठी अर्ध्या दिवसाची कार्यशाळा ठरली आहे. विभाग दोन आहेत, त्यांना ‘अ’ आणि ‘ब’ म्हणू. पुढचे आकडे पद्धत समजावण्यासाठी धरलेले आहेत. तुमचा विषय वेगळा असला, तरी टप्प्यांचा क्रम हाच ठेवा.

आधी वेळेचा हिशेब. मोजणीची तयारी कार्यशाळेच्या सहा आठवडे आधी सुरू करायची असते. कार्यशाळा होऊन गेली असेल, तर ‘आधी’ची स्थिती परत मिळत नाही. मग पुढच्या तुकडीपासून नीट सुरुवात करणं हाच प्रामाणिक मार्ग आहे.

## टप्पा 1: कार्यशाळेचं उद्दिष्ट डोळ्यांना दिसणाऱ्या कृतीत उतरवा

सर्वात जास्त वेळ इथे द्या. इथे ढिलाई झाली तर पुढचं सगळं वाया जातं.

कार्यशाळेच्या पत्रकावर सहसा ‘पाळ्यांमधला संवाद सुधारेल’, ‘जबाबदारीची जाणीव वाढेल’ असं लिहिलेलं असतं. जाणीव कोणाला दिसत नाही आणि ‘सुधारेल’ मोजता येत नाही. प्रशिक्षकासोबत बसा आणि एकच प्रश्न विचारा: “उद्या मी तिथे उभा राहिलो, तर माणूस कालच्यापेक्षा वेगळं काय करताना दिसेल?” उत्तर क्रियापदात येईपर्यंत सोडू नका. आपल्या उदाहरणात चार कृती हाती आल्या:

1. हँडओव्हर केबिनमध्ये न करता मशीनजवळ उभं राहून केलं.
2. अर्धवट किंवा बिघडलेल्या कामाची नोंद लॉगबुकमध्ये वेळेसकट होती.
3. प्रत्येक बाकी कामासोबत ते कोण करणार, त्याचं नाव सांगितलं.
4. ऐकलेले मुद्दे येणाऱ्याने स्वतःच्या तोंडून परत बोलून दाखवले.

चार ते सहा कृती पुरतात. बारा कृतींचा तक्ता केला, तर बघणाऱ्याची नजर कागदावरच राहते आणि समोर काय घडतंय ते निसटतं.

आता प्रत्येक कृतीची सीमा ठरवा. चौथी कृती जवळून पाहू. जाणारा म्हणतो, “तीन नंबर पंपाचं सील गळतंय. मेंटेनन्सला सहाला कळवलंय, ते आठला येतील. तोवर दर अर्ध्या तासाने ड्रेन बघायचा.” येणारा मान हलवून म्हणाला, “हो हो, कळलं.” ही कृती झाली नाही. येणारा म्हणाला, “तीन नंबर, सील. मेंटेनन्स आठला, तोवर अर्ध्या तासाने ड्रेन बघतो.” ही झाली. आणि तो नुसतंच “तीन नंबर ना?” असं म्हणाला तर? यावर मतं फुटतात. आपण ठरवलं: काय करायचं आहे हे परत बोललं, तरच ‘हो’, नुसता मशीनचा नंबर बोलला, तर ‘नाही’. असा प्रत्येक निर्णय निरीक्षण तक्त्याच्या मागच्या बाजूला लिहून ठेवा. दोन महिन्यांनी दुसरा माणूस निरीक्षणाला उभा राहील, तेव्हा त्याला हेच हवं असतं.

तक्त्यात ‘हो’ आणि ‘नाही’ यांच्याबरोबर ‘लागू नाही’ असा तिसरा रकाना हवाच. काहीच काम बाकी नसेल, तर नाव सांगण्याचा प्रश्न येत नाही. अशा वेळी ‘नाही’वर खूण केली, तर ज्या पाळीत सगळं सुरळीत होतं तिलाच कमी गुण पडतात.

तपासा: कार्यशाळेशी काहीही संबंध नसलेल्या सहकाऱ्याला तक्ता द्या आणि एक हँडओव्हर बघायला पाठवा. तो परत येऊन “हे म्हणजे नक्की काय?” असं विचारत असेल, तर ती ओळ पुन्हा लिहा.

सावध: तक्त्यात ‘चांगल्या प्रकारे’, ‘व्यवस्थित’, ‘पुरेसं’ हे शब्द दिसले की ती कृती अजून कच्ची आहे.

## टप्पा 2: तुलनेसाठी दुसरा गट बाजूला ठेवा

कार्यशाळेनंतर वागणं बदललं, याचा अर्थ कार्यशाळेमुळे बदललं असा होत नाही. त्याच महिन्यात नवीन मॅनेजर आला असेल, एखादा अपघात झाला असेल, लॉगबुक नवं छापून आलं असेल. हे सगळं वेगळं काढायचं, तर कार्यशाळा न मिळालेले लोक त्याच काळात काय करत होते ते माहीत असावं लागतं.

“काही लोकांना प्रशिक्षणापासून वंचित कसं ठेवायचं?” हा आक्षेप नेहमी येतो. वंचित ठेवायचं नाही, फक्त क्रम लावायचा. सगळ्यांना एकाच दिवशी बसवणं बहुतेक वेळा शक्यच नसतं. विभाग ‘अ’ला आधी कार्यशाळा, ‘ब’ला बारा आठवड्यांनी. या मधल्या काळात ‘ब’ हा तुलनेचा गट होतो. आधी कोण, हे शक्यतो चिठ्ठी टाकून ठरवा. जो विभागप्रमुख उत्साहाने पुढे येतो, त्याचा विभाग कार्यशाळेशिवायही सुधारत असण्याची शक्यता असते.

सावध: ‘गेल्या महिन्यात सर्वात जास्त चुका झालेल्यांनाच पाठवू’ हा निर्णय मोजणीला फार घातक आहे. एखाद्याचा महिना फारच वाईट गेला असेल, तर पुढचा महिना सहसा आपोआपच थोडा बरा जातो, कारण त्या वाईटात योगायोगाचाही वाटा असतो. ती नैसर्गिक सुधारणा मग कार्यशाळेच्या खात्यावर जमा होते. अशांना पाठवायला हरकत नाही, पण त्यांच्या ‘आधी-नंतर’वरून निष्कर्ष काढू नका.

## टप्पा 3: निरीक्षक निवडा आणि त्यांची नजर जुळवा

प्रशिक्षक स्वतः निरीक्षक नको. त्याच्या प्रामाणिकपणावर शंका नाही, पण जे शिकवलं तेच त्याला दिसतं. ज्यांचं निरीक्षण करायचं त्यांचा थेट वरिष्ठही नको, कारण तो उभा राहिला की हँडओव्हर त्याला दाखवण्यासाठी होतो. दुसऱ्या विभागातले, काम समजणारे दोन लोक उत्तम. कोणत्या विभागाची कार्यशाळा झाली आहे हे त्यांना सांगितलं नाही तर आणखी चांगलं, पण एकाच आवारात ते लपून राहीलच असं नाही.

खरी मोजणी सुरू करण्याआधी दोघांनी मिळून दहा हँडओव्हर बघायचे. शेजारी उभं राहायचं, पण एकमेकांचा कागद बघायचा नाही. चार कृती गुणिले दहा म्हणजे चाळीस खुणा. त्यांपैकी किती जुळल्या ते मोजा. चाळीसपैकी 34 जुळल्या तर 85 टक्के झाले आणि कामाला सुरुवात करता येईल. 80 टक्क्यांच्या खाली असेल, तर टप्पा 1 मधल्या सीमांकडे परत जा. चूक बहुधा निरीक्षकाची नसते, व्याख्येची असते.

इथे एक फसवणूक आहे आणि ती बहुतेकांच्या नजरेतून सुटते. मुद्दे परत बोलून दाखवणं फारच क्वचित घडत असेल, तर दोघांनी डोळे मिटून ‘नाही’ लिहिलं तरी खुणा जुळतील. म्हणून एकूण टक्क्यांवर थांबू नका. प्रत्येक कृती वेगळी घ्या आणि पहिल्याने जिथे ‘हो’ लिहिलं, तिथे दुसऱ्यानेही किती वेळा ‘हो’ लिहिलं ते बघा. दहा हँडओव्हरमध्ये ‘हो’ एकदोनदाच आले असतील, तर काही हँडओव्हर मुद्दाम अभिनय करून दाखवा, काही नीट आणि काही सीमेवरचे, आणि त्यांवर नजर जुळवून घ्या.

## टप्पा 4: कार्यशाळेआधीची स्थिती मोजा

सर्वात जास्त वेळा गाळला जातो तो हाच टप्पा. मीही एकदा गाळला होता. कार्यशाळेची तारीख अचानक अलीकडे आली आणि “नंतर बघू” म्हणत मी पुढे गेलो. तीन महिन्यांनी दहापैकी सात जण अपेक्षित कृती करताना दिसले, पण ते सात आधी दोन होते की सात, हे सांगायला माझ्याकडे काहीच नव्हतं. त्या अहवालात लिहिण्यासारखं एक वाक्यही उरलं नाही.

दोन्ही विभागांत साधारण दोन आठवड्यांत प्रत्येकी 20 हँडओव्हर बघा. दिवसात तीन वेळा पाळी बदलते, म्हणून सकाळ, दुपार आणि रात्र असे सात, सात आणि सहा वाटून घ्या. निरीक्षकाला रात्री येणं गैरसोयीचं असतं, त्यामुळे सगळी निरीक्षणं दुपारची होऊन बसतात, आणि सर्वात जास्त गोष्टी सुटतात ती रात्रीची पाळी मोजणीबाहेर राहते. कोणत्या दिवशी कुठला हँडओव्हर बघायचा, याचं वेळापत्रक आधीच बनवा आणि ते तुमच्याकडेच ठेवा.

लोकांना विश्वासात घ्या. “पाळी बदलताना चार्ज कसा दिला जातो ते आम्ही बघतोय. कार्यशाळेत काय शिकवायचं आणि ती उपयोगी पडते का, हे ठरवायचं आहे. वार्षिक मूल्यमापनाशी याचा संबंध नाही.” हे सांगायचं आणि पाळायचं. तक्त्यावर नावाऐवजी क्रमांक लिहा. क्रमांक आणि नावांची यादी मोजणी करणाऱ्या एकाच माणसाकडे राहील. एकदा जरी तक्त्यावरून कुणाला बोलावून सुनावलं गेलं, तरी त्यानंतर दिसेल ते फक्त नाटक.

कोणी बघतंय म्हटलं की माणूस थोडा सावरून वागतोच. याला तीन उपाय आहेत. प्रत्येक विभागातली पहिली दोन-तीन निरीक्षणं सराव म्हणून घ्या आणि 20 मध्ये धरू नका. तोपर्यंत कोपऱ्यात उभा असलेला माणूस नेहमीचा होतो. ‘आधी’ आणि ‘नंतर’ दोन्ही वेळा अगदी सारख्याच पद्धतीने बघा, म्हणजे सावरून वागणं दोन्हीकडे सारखं राहील. तिसरा उपाय मला सर्वात भरवशाचा वाटतो: कोणी बघत नसताना मागे राहणाऱ्या खुणा तपासा. आपल्या उदाहरणात ती खूण म्हणजे लॉगबुक. निरीक्षक हजर असलेल्या आणि नसलेल्या दिवसांच्या नोंदी शेजारी ठेवा. निरीक्षकाच्या दिवशी नोंदीला वेळ लिहिलेली आणि इतर दिवशी कोरी, असं दिसलं तर बघितलेले आकडे फुगलेले आहेत हे उघड आहे.

सावध: ‘आधी’साठी लोकांनाच स्वतःला गुण द्यायला सांगू नका. कार्यशाळेआधी माणूस “मी चार्ज नीटच देतो” म्हणून पाचपैकी चार देतो. नीट म्हणजे काय हे कार्यशाळेत कळल्यावर तोच प्रामाणिकपणे तीन देतो. कागदावर घसरण दिसते, प्रत्यक्षात त्याची मोजपट्टी बदललेली असते.

## टप्पा 5: कार्यशाळेच्या दिवशी दोनच नोंदी घ्या

एक, कोण शेवटपर्यंत होतं. मध्येच मशीन बंद पडलं म्हणून उठून गेलेला माणूस सहीच्या कागदावर ‘हजर’ असतो, पण त्याला कार्यशाळा मिळालेली नसते.

दोन, शेवटी प्रत्येकाने एक हँडओव्हर करून दाखवला का, आणि तक्त्यातल्या कृती त्यात आल्या का. ही नोंद पुढे फार कामाला येते. वर्गातच जमलं नसेल, तर शिकवण्यात कमी पडलं. वर्गात जमलं आणि कामावर दिसलं नाही, तर अडचण वर्गाबाहेर आहे.

अभिप्राय फॉर्म घ्यायचा असेल तर घ्या. खोलीत ऐकू येत होतं का, उदाहरणं आपल्या कामाची होती का, एवढं कळायला तो ठीक आहे.

## टप्पा 6: दोनदा परत मोजा, लगेच नाही

पहिले दोन आठवडे सोडून द्या. तेव्हा सगळं ताजं असतं आणि दिसतं ते टिकेलच असं नाही.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ‘अ’ विभागातले दहा हँडओव्हर बघा. ही छोटी मोजणी. मुख्य मोजणी नवव्या-दहाव्या आठवड्यात: दोन्ही विभागांत पुन्हा 20-20, पाळ्यांची वाटणी तीच, तक्ता तोच आणि शक्यतो निरीक्षकही तेच. ‘ब’ची कार्यशाळा त्यानंतरच.

दोनदा का मोजायचं? चौथ्या आठवड्यात दिसलं आणि दहाव्यात गेलं, तर लोकांनी करून पाहिलं आणि सोडलं. चौथ्या आठवड्यातही दिसलं नाही, तर ते वर्गातून बाहेरच पडलं नाही. दहाव्या आठवड्याचा आकडा दोन्ही प्रकारांत सारखाच कमी दिसेल, पण उपाय पूर्ण वेगळे आहेत.

तपासा: मधल्या काळात दोन्ही विभागांत काय काय बदललं त्याची तारखेसकट यादी ठेवा: नवी माणसं, नवे कागद, साहेबांची सूचना, मोठा बिघाड. आकडे हातात आल्यावर आठवून लिहिलेली यादी आपल्याला सोयीची होते.

## टप्पा 7: आकडे कृतीनुसार वाचा

धरा, हे हाती आलं. प्रत्येक ठिकाणी आधी ‘हो’, मग कृती लागू असलेले हँडओव्हर.

| कृती | ‘अ’ आधी | ‘अ’ दहावा आठवडा | ‘ब’ आधी | ‘ब’ दहावा आठवडा |
|---|---|---|---|---|
| मशीनजवळ | 8/20 | 17/20 | 9/20 | 11/20 |
| वेळेसकट नोंद | 9/20 | 16/20 | 8/20 | 14/20 |
| करणाऱ्याचं नाव | 5/16 | 8/15 | 5/17 | 5/15 |
| परत बोलून दाखवणं | 2/20 | 4/20 | 3/20 | 3/20 |
| एकूण | 24/76 | 45/75 | 25/77 | 33/75 |

सगळ्यात आधी डोळा एकूण बेरजेवर जातो. ‘अ’ 32 टक्क्यांवरून 60 वर गेला, म्हणजे 28 ने वाढला. इथेच बरेच जण थांबतात आणि 28 हा आकडा वर पाठवतात. पण कार्यशाळा न मिळालेला ‘ब’सुद्धा 32 वरून 44 वर, म्हणजे 12 ने वर गेला आहे. कार्यशाळेच्या खात्यावर फार तर दोहोंमधला फरक टाकता येतो, म्हणजे 16 च्या आसपास.

आणि तोही एक आकडा म्हणून पाठवू नका, कारण ओळी वेगवेगळं सांगतात.

मशीनजवळ उभं राहणं ‘अ’मध्ये 8 वरून 17 वर गेलं, ‘ब’मध्ये 9 वरून 11 वर. हा फरक स्पष्ट आहे आणि तो कार्यशाळेचा मानायला जागा आहे.

वेळेसकट नोंद ‘अ’मध्ये 7 ने वाढली आणि ‘ब’मध्ये 6 ने. बदलांची यादी उघडली, तर चौथ्या आठवड्यात दोन्ही विभागांत नवं लॉगबुक आल्याची नोंद सापडते, त्यात वेळेसाठी वेगळा रकाना छापलेला. ही सुधारणा बहुतांशी त्या रकान्याने केली आहे. ‘ब’ विभाग नसता, तर हे सगळं श्रेय कार्यशाळेने घेतलं असतं.

नाव सांगण्याच्या ओळीवरून मी काहीच म्हणणार नाही. 5/16 वरून 8/15 हे आशादायक वाटतं, पण इतक्या कमी संख्येत एवढा फरक योगायोगानेही पडतो. अंदाजासाठी एक नियम लक्षात ठेवा: दोन्ही बाजूंना 20-20 निरीक्षणं असतील, तर साधारण सहापर्यंतच्या फरकावर भिस्त ठेवू नका. त्यात तोच सुपरवायझर चार-पाचदा दिसला असेल, तर ती निरीक्षणं एकमेकांपासून स्वतंत्र नसतात, आणि नियम आणखी कडक लावावा लागतो.

परत बोलून दाखवणं 2 वरून 4 वर गेलं. म्हणजे बदल नाही. पण चौथ्या आठवड्याच्या छोट्या मोजणीत ते दहापैकी पाच होतं. आणि कार्यशाळेच्या दिवशीच्या नोंदीप्रमाणे जवळपास सगळ्यांनी ते नीट करून दाखवलं होतं. लोकांना येत होतं, त्यांनी सुरूही केलं होतं, आणि मग ते सुटलं. पुढचा टप्पा याच ओळीसाठी आहे.

सावध: ‘अपघात कमी झाले’, ‘उत्पादन वाढलं’ असे आकडे या तक्त्याशेजारी ठेवण्याचा मोह होईल. त्यांवर कच्च्या मालापासून मागणीपर्यंत शंभर गोष्टींचा परिणाम होतो, आणि दहा आठवड्यांत अपघातांची संख्या इतकी कमी असते की चढउतार नुसता योगायोग असू शकतो. वागण्याचा प्रश्न वागण्यानेच सोडवा.

## टप्पा 8: दोन्ही टोकांच्या माणसांशी बोला

तक्ता ‘काय’ सांगतो, ‘का’ सांगत नाही. रॉबर्ट ब्रिंकरहॉफ यांच्या पद्धतीत शिकलेलं सर्वात जास्त वापरणारे आणि जवळपास न वापरणारे अशा दोन्ही टोकांच्या लोकांना गाठतात. इथे तेच करायचं. क्रमांकांच्या यादीवरून दोन्ही टोकांची तीन-तीन माणसं निवडा. आपण कोणत्या टोकाचे आहोत हे त्यांना कळू देऊ नका. प्रत्येकाशी वीस मिनिटं, कामाच्या जागेजवळ, वरिष्ठ नसताना बोला.

“तुम्ही हे का करत नाही?” असं विचारलं की माणूस बचावात जातो. “शेवटचा हँडओव्हर सुरुवातीपासून सांगा” असं म्हणा आणि ऐका. मग त्यातल्या एखाद्या जागेवर थांबा: “इथे परत बोलून दाखवायचं ठरलं होतं ना, त्या वेळी काय झालं?” आपल्या उदाहरणात दोन गोष्टी बाहेर आल्या असं धरू.

न करणाऱ्यांपैकी एक जण म्हणाला, “जाणाऱ्याची बस सुटायला सात मिनिटं असतात. मी परत बोलायला लागलो की तो हेल्मेट काढून निघालेला असतो.” पाळ्यांच्या वेळा एकमेकींना चिकटलेल्या, मध्ये सामाईक वेळच नाही. नेहमी करणारे तिघे कोण होते? तिघेही घरून स्वतःच्या गाडीवर दहा मिनिटं आधी येणारे.

दुसरी गोष्ट बोलायला लोकांना वेळ लागला. “ते वीस वर्षं इथे आहेत. त्यांनी सांगितलेलं मी पोपटासारखं परत म्हटलं, तर त्यांना वाटतं माझा त्यांच्यावर विश्वास नाही.” वर्गात ही अडचण दिसली नाही, कारण तिथे बरोबरीच्या लोकांच्या जोड्या लावल्या होत्या.

पहिल्या कारणाला आणखी प्रशिक्षणाचा उपयोग शून्य आहे. तिथे पाळीच्या वेळा बदलाव्या लागतील. दुसऱ्याला कार्यशाळेतच उत्तर आहे: ज्येष्ठ आणि कनिष्ठ यांची जोडी लावून सराव घ्यायचा, आणि “एकदा परत म्हण बरं” हे जाणाऱ्यानेच म्हणायचं. मग परत बोलणं हा अविश्वास राहत नाही, सांगितलेली गोष्ट होते.

तपासा: मुलाखतीत कळलेलं कारण तक्त्यात दिसतं का ते बघा. बसची अडचण खरी असेल, तर बस नसलेल्या पाळीत ‘हो’ जास्त असायला हवेत. तसं दिसत नसेल, तर ते एका माणसाचं कारण आहे, विभागाचं नाही.

## टप्पा 9: अहवाल एका पानात, कृतीनुसार

प्रत्येक कृतीला तीन वाक्यं पुरतात: काय दिसलं, त्यातलं कार्यशाळेचं किती मानता येईल, आता काय करायचं. आपल्या उदाहरणात ते असं होईल.

मशीनजवळ हँडओव्हर: स्पष्ट वाढ, ‘ब’मध्ये नाही, हा भाग कार्यशाळेत आहे तसाच ठेवावा. वेळेसकट नोंद: दोन्हीकडे सारखीच वाढ, कारण बहुधा नवं लॉगबुक, कार्यशाळेत यावर घालवलेला पाऊण तास कमी करता येईल. करणाऱ्याचं नाव: निरीक्षणं अपुरी, ‘ब’च्या वेळी पुन्हा मोजावं. परत बोलून दाखवणं: लोकांना येतं, पण टिकलं नाही, पाळ्यांमध्ये दहा मिनिटांचा सामाईक वेळ आणि मिश्र जोड्यांचा सराव सुचवतो.

मर्यादाही तिथेच लिहा: विभाग दोनच, निरीक्षणं वीस-वीस, निरीक्षकांना कोणत्या विभागाची कार्यशाळा झाली ते माहीत होतं की नव्हतं, आणि लॉगबुकमध्ये निरीक्षकाच्या व इतर दिवसांत फरक दिसला की नाही. वाचणारा अनुभवी असेल, तर त्याचा पहिला प्रश्न यातलाच असतो.

नावं आणि क्रमांक अहवालात कुठेही येऊ देऊ नका. सर्वात कमी ‘हो’ असलेला माणूस कोण, असं वरून विचारलं गेलं, तरी उत्तर “सांगता येणार नाही” हेच. टप्पा 4 मध्ये दिलेला शब्द इथे पाळायचा असतो.

आता बाराव्या आठवड्यात ‘ब’ची सुधारलेली कार्यशाळा होईल. ‘ब’चे दहाव्या आठवड्याचे आकडे हीच त्यांची ‘आधी’ची स्थिती, त्यामुळे पुन्हा पायाभूत मोजणी नको. त्यांचीही तिसऱ्या-चौथ्या आणि नवव्या-दहाव्या आठवड्यातली निरीक्षणं वेळापत्रकात आजच टाकून ठेवा, आणि त्याच आठवड्यांत ‘अ’चे दहा हँडओव्हर पुन्हा बघा. मशीनजवळ उभं राहण्याचे 17 तिथे पाच महिन्यांनीही टिकलेत का, ते त्यातून कळेल.